जावयाचं वाण, सॅकच्या कप्प्यात मावेल असं

दादा, यंदा अधिक महिना आला आहे. जावई कोल्हापूरचेच, ट्रेकचा नाद जबर. सॅक, बूट, रेनकोट, काठ्या, डोक्याला लावायची बॅटरी, सगळं त्यांच्याकडे आहे. परवा विचारलं तर म्हणाले, "मामी, द्यायचंच असेल तर छोटं, हलकं आणि टिकणारं काहीतरी द्या." जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करणार आहेत. मुलगी म्हणते पाकीट दे, मला ते पटत नाही. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, रेंज नसली तरी निरोप पाठवणारं उपग्रहाचं यंत्र आणतो. चांदीचा दिवा आणि अनारसे आहेतच, त्याशिवाय तीन हजारांपर्यंत काय घेऊ?
– एक सासूबाई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

काकू,

आधी अमेरिकेला फोन लावा आणि ते यंत्र थांबवा. उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. तिकडे ती दुकानात सहज मिळतात, म्हणून लोक बॅगेत टाकून आणतात आणि इथल्या विमानतळावर अडकतात. परदेशी पर्यटकांनाही यावरून पोलिसांनी ताब्यात घेतलेलं आहे. जावयाला वाण द्यायचं आणि मुलाला चौकीत बसवायचं, असं नको.

आता तुमच्या पाव्हण्यांचं. सगळं असलेल्या ट्रेकरला नवं काय द्यावं, या विचारात पडलं की माणूस दुकानात जातो आणि अठरा पात्यांचा चाकू घेऊन येतो. पाव किलोचा तो चाकू पहिल्या ट्रेकला कौतुकानं जातो आणि दुसऱ्यापासून घरी राहतो. त्यापेक्षा जे त्यांच्याकडे आहे, ते जुलैच्या पावसात कुठं दगा देतं ते बघायचं. पन्हाळा-पावनखिंड म्हणजे मसाई पठारावरचा वारा, पुढं भाताच्या खाचरांच्या कडेनं गुडघाभर चिखल, आणि दोन दिवस अंगावर कोरडं असं काही राहत नाही. या वाटेवर मोठ्या वस्तू टिकतात. मोडतं ते बारीक काहीतरी, आणि त्या बारकाईपायी मोठी वस्तू निकामी होते.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पहाटे टेम्पोतून पन्हाळ्याला निघालो. सॅका खाली रचल्या होत्या आणि अंधारात कुणाचा तरी पाय माझ्या कंबरपट्ट्याच्या बकलावर पडला. वर गेल्यावर बघतो तर दोन दातांपैकी एक तुटलेला. कंबरपट्टा बंद झाला नाही तर सॅकचं ओझं कमरेवर न येता सगळं खांद्यावर येतं. दहा किलोची सॅक, म्हणून मी पट्ट्याची दोन टोकं गाठ मारून बांधली. नायलॉनचा पट्टा भिजल्यावर ती गाठ अशी बसली की पाणी प्यायला सॅक उतरवायची तरी दहा मिनिटं झटापट. दुपारी वैतागून चाकूनं गाठ कापली. मग पट्टा आखूड झाला आणि पुन्हा बांधायलाच पुरेना. करपेवाडीला मुक्कामाला पोचलो तेव्हा दोन्ही खांद्यांवर लाल वळ होते. एवढं सगळं एका प्लॅस्टिकच्या बकलापायी, ज्याचं वजन पाच-दहा ग्रॅम आणि किंमत चहा-खारीएवढी.

म्हणून वाणातली पहिली वस्तू जादा बकलं. हसू नका, काकू. कुठलाही ट्रेकर ही स्वतःहून विकत घेत नाही आणि मोडल्यावर प्रत्येकाला हवी असतात. पण ही अंदाजानं घेऊन चालत नाहीत. मुलीला सांगा, ते कामावर गेले की सॅक काढ आणि पट्टीनं पट्ट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोज. बकलाची नाही, पट्ट्याची. छातीवरचा पट्टा बहुतेक १५ किंवा २० मिलिमीटरचा असतो, कमरेचा २५ किंवा ३८ चा. दोन्हीचं एक-एक बकल घ्यायचं, आणि नर-मादी दोन्ही भाग असलेलं पूर्ण घ्यायचं. एका कंपनीचे दात दुसऱ्या कंपनीच्या खोबणीत बसतीलच असं नाही, त्यामुळं अर्धं बकल घेऊन गेलेला माणूस अर्धाच वाचतो.

इथं एक मेख आहे. बकलाचा एक भाग पट्ट्यात मोकळा सरकतो, तो बदलायला सोपा. दुसऱ्या भागाचा पट्टा शिवून बंद केलेला असतो. तिथं नेहमीचं बकल घालायचं तर शिवण उसवावी लागते, आणि भर पावसात खोतवाडीच्या एखाद्या पडवीत बसून ते कोण करणार? यासाठी दांडीला बारीक चीर ठेवलेली बकलं मिळतात. चिरेतून पट्ट्याची कड तिरकी सरकवायची की बकल बसतं, शिवण तशीच राहते. काहींत चिरेऐवजी काढता येणारी धातूची दांडी असते. बॅगा-दप्तरं दुरुस्त करणाऱ्यांकडं साधी बकलं हमखास मिळतात. चिरेची बहुधा ऑनलाइन मागवावी लागतील, म्हणून हे काम आधी उरका. घेताना दात बोटांनी थोडे आत दाबून बघा. चांगलं बकल लवचीक दबतं आणि टक्क करून परत येतं. हलकं प्लॅस्टिक दाबल्यावर पांढरं पडतं, ते घेऊ नका.

बकलांच्या जोडीला सुई-दोरा. घरातला साडीचा नव्हे. पापाची तिकटीला चप्पल लाइनीत जा आणि चप्पल शिवणाऱ्या कारागिराला मेण लावलेला जाड दोरा मागा, दोन-तीन मीटर पुरे, आणि त्या दोऱ्याला चालेल अशी जाड सुई. सॅकचा खांदपट्टा जिथं शिवलेला असतो तिथनं उसवतो, आणि तिथं साधा दोरा एका ओढीत तुटतो. सुईचं टोक बुचाच्या तुकड्यात खोचून द्या, नाहीतर ती औषधाच्या पुडीतनं पुढं कुठं जाईल सांगता येत नाही.

आणि तीन मिलिमीटर जाडीची पाच मीटर नायलॉनची दोरी. ही बुटांसाठी. पावसाळी ट्रेकला दर गटात एकाच्या तरी बुटाचा तळवा सुटतो. आणि तो बऱ्याचदा कमी वापरलेल्या बुटाचा सुटतो, हे लोकांना पटत नाही. तळव्याच्या आतला फोमसारखा थर हवेतला ओलावा खाऊन आतल्या आत कुजत जातो. मागच्या पावसाळ्यानंतर माळ्यावर पडलेले बूट दिसायला नवे दिसतात, पण पहिल्या चार तासांत तळवा जबडा उघडतो. जावयांचे बूट दारात असतील तेव्हा बाजूनं तळव्यावर अंगठा दाबून बघायला सांगा मुलीला. बारीक सुरकुत्या पडल्या किंवा भुगा हाताला लागला, तर बूट जुलैला न्यायच्या लायकीचे नाहीत. हे त्यांना सांगणं हीच एक भेट होईल.

तळवा वाटेत सुटलाच तर दोरीचे दोन-तीन वेढे पंजाभोवती, तळव्याच्या खाचांतून घ्यायचे, म्हणजे दोरी दगडाला कमी घासते. मग वर लेसमधून फिरवून गाठ. ही दोरी काही तासांत झिजते, म्हणून पाच मीटर. सगळे चिकटपट्टीची शिफारस करतात. ती जाड कापडी चंदेरी पट्टी मी पण मीटरभर जुन्या एटीएम कार्डावर गुंडाळून ठेवतो, फाटलेल्या रेनकोटाला ती उपयोगी पडते. पण ओल्या, चिखलाच्या बुटाला ती चिकटत नाही, आधी कोरडं करावं लागतं. जुलैत कोरडं कशानं करणार?

हे सगळं, म्हणजे बकलं, सुई-दोरा, दोरी, चिकटपट्टी, एका मुठीएवढ्या झिपच्या पिशवीत मावतं. माझं पुडकं मी वजन केलंय, सत्तर ग्रॅमच्या आत आहे.

दुसरी वस्तू पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, ज्यांना दुकानदार ड्राय बॅग म्हणतात. तुम्ही म्हणाल, सॅकला रेनकव्हर असेलच की. असतं. पण कव्हर बाहेरून बसतं आणि पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून आलेलं पाणी पाठीवरून थेट सॅकमध्ये झिरपतं. मसाई पठारावर तर वारा कव्हर फुग्यासारखं फुगवून उडवूनच नेतो. म्हणून कोरडं ठेवायचं ते आत, वेगळ्या पिशवीत. रात्री अंगात घालायचे कपडे आणि झोपायची पिशवी एवढं कोरडं राहिलं की दिवसभर कितीही भिजलेला माणूस सकाळी उठून चालतो.

मोठी एक घेण्यापेक्षा दोन घ्या. एक दहा लिटरच्या आसपास कपड्यांना, एक दोन-तीन लिटरची फोन, औषधं आणि सेलला. रंग वेगळे घ्या, अंधारात हात घातल्यावर कळायला. नौकाविहाराला वापरतात त्या जाड रबरी पिशव्या टिकाऊ दिसतात, पण जड असतात आणि सॅकमध्ये चोंदून बसत नाहीत. पातळ नायलॉनची घ्यायची. लेबलवर डेनियर म्हणून आकडा असतो, तो धाग्याची जाडी सांगतो. तीसच्या आसपासची पिशवी अगदी हलकी पण काटेरी वस्तूला घाबरणारी, सत्तरच्या आसपासची थोडी जड पण धसमुसळेपणा सहन करणारी. तुम्हाला टिकणारं हवंय, तेव्हा सत्तरची. दोन्ही मिळून शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतील.

दुकानात ती उघडून आतून उलटी करा. शिवणींवरून सलग पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. मग तोंड हवेनं भरून तीन-चार घड्या गुंडाळा, बकल लावा आणि पोटाशी धरून दाबा. फुस्स आवाज आला तर परत ठेवा. घरी आणल्यावर आणखी एक परीक्षा करा: आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद घाला, तोंड गुंडाळा आणि न्हाणीत नळाखाली दहा मिनिटं ठेवा. कागद कोरडा निघाला की पास. बादलीत बुडवून मात्र बघू नका. गुंडाळून बंद होणाऱ्या पिशव्या पावसासाठी असतात, पाण्यात बुडवून ठेवायला नाहीत, आणि चांगली पिशवीही तिथं थोडं पाणी घेते. ओढ्यात पडलेली पिशवी लगेच उचलली तर काही होत नाही.

देताना पाव्हण्यांना दोन गोष्टी सांगा, रागावणार नाहीत. पिशवी काठोकाठ भरली की घड्या पडत नाहीत आणि पाणी शिरतं, म्हणून वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायचा. आणि ट्रेकहून आल्यावर ती उलटी करून सावलीत पूर्ण वाळवायची. ओलसर गुंडाळून ठेवली की आतला लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. बुटाच्या तळव्याला जो रोग, तोच हिला.

तिसरी वस्तू दिवा. अधिकात जावयाला दीपदान करतातच, तुमचा चांदीचा देवघरात राहील, हा डोंगरात जाईल. त्यांच्याकडं डोक्याची बॅटरी आहे हे वाचलंय मी. म्हणूनच दुसरी, लहान, चाळीस-पन्नास ग्रॅमची द्या. अंधारात पहिलीचे सेल संपले तर ते बदलायलाही उजेड लागतो, आणि तो सोबत्याकडं मागितला की त्याच्या बॅटरीचा झोत नेमका आपल्या डोळ्यात येतो.

दुसऱ्या दिव्याचा खरा उपयोग धुक्यात आहे. पावसाळ्यात पहाटे पठारावर धुकं उतरलं की कपाळावरचा उजेड समोरच्या पाण्याच्या कणांवरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. झोत वाढवला की भिंत आणखी पांढरी. अशा वेळी दिवा कपाळावरून काढून हातात घ्यायचा, गुडघ्याच्या उंचीवर धरायचा. उजेड आणि नजर वेगवेगळ्या रेषेत आली की पायाखालची वाट दिसायला लागते. त्यामुळं पट्ट्यावरून सहज निघून हातात किंवा सॅकच्या खांदपट्ट्यावर अडकणारा दिवा घ्या.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. पाचशे ल्युमेन असं मोठं छापलेलं असतं, पण चालायला शंभर-दीडशे पुरतात. दिवा किती तास चालतो, तो आकडा तर आणखी फसवा. प्रमाणित मोजणीत दिवा मूळ उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे "४० तास" लिहिलेल्या दिव्याचा शेवटचा बराच काळ देवघरातल्या समईएवढाच उजेड असू शकतो. पाण्याचा आकडा मात्र बघा. आयपीएक्स ४ म्हणजे कुठूनही उडणारं पाणी सोसणारा, पावसाला चालतो. आयपीएक्स ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहणारा. आपल्याकडच्या जुलैला सात मिळाला तर बरा, पण चारही निभावतो, ज्या ठिकाणी चार्जिंगची वायर लागते तिथलं रबरी झाकण घट्ट बसत असेल तर. ते झाकण नखानं उघडून-लावून बघा. बरेच दिवे तिथंच मरतात.

सेलचा की चार्जिंगचा, हा प्रश्न विचारतील दुकानात. त्यांचा पहिला दिवा ज्या जातीचा आहे त्याच्या उलट जातीचा घ्या. दोन्ही चार्जिंगचे असले तर दोन्ही एकाच रात्री विसरले जातात. चार्जिंगचा घेतलात तर फोनचीच वायर चालेल असा टाइप-सी बघा. सेलचा घेतलात तर सेल आत घालून देऊ नका, बाजूला द्या, कारण साधे सेल महिनोन्महिने आत राहिले की पाझरतात आणि पत्र्यावर पांढरट-हिरवी बुरशी धरते. बटण दाबून लॉक करायची सोय असावी, नाहीतर सॅकमध्ये दाबला जाऊन दिवा रात्र यायच्या आतच संपतो. लाल उजेडही असावा, मुक्कामाच्या घरात रात्री उठताना दहा जणांची झोप मोडत नाही.

हिशोब बघू. दोन पिशव्या ढोबळ दीड हजारात, दिवा हजार-बाराशेत, बकल-दोरा-दोरीचं पुडकं दोनअडीचशेत. तीन हजारांत बसतंय. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तुम्हीच करा. सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम भरेल. तुमचे तेहेतीस अनारसे एका पारड्यात घातले तर याच्या तिप्पट-चौपट होतील, आणि ते पाव्हणं पन्हाळ्यापर्यंतच संपवतील.

बूट, सॅक, काठ्या, जाकीट यातलं काही घेऊ नका. मापाच्या आणि आवडीच्या वस्तू ज्याच्या त्यानं घ्याव्यात. चावीला लावायच्या कड्या गिर्यारोहणाच्या कड्यांसारख्या दिसतात, त्याही नकोत. कुणीतरी एक दिवस त्यात दोर अडकवतं. टायटॅनियमचा चमचा सुंदर असतो, पण घरातला स्टीलचा तेच काम करतो आणि हरवला तर जीव तुटत नाही. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे मिळतात. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला त्यांचं जाणं असेल आणि पैसे उरले, तर ते चांगले. नसतील तर मिठाची पुरचुंडी त्या छोट्या पिशवीत टाका.

सगळं खणाच्या कापडात गुंडाळायचं असेल तर गुंडाळा, पण पट्ट्याची रुंदी तेवढी आठवड्याच्या आत मोजून घ्या. ऑनलाइन बकल चुकीचं आलं तर बदलायला वेळ राहिला पाहिजे. आणि मुलीला म्हणावं, मोजताना सॅकचा खालचा कप्पा उघडून बघ. मागच्या पावसाळ्यातला एखादा ओला मोजा अजून तिथंच असेल.